दोन ठोक्यांचा एक ठोका

शेषराव गावंडे यांच्याबद्दल अमरावतीत कुणी वाईट बोलत नसे. चांगलेही फारसे बोलत नसे, पण ते असो. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ते डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रोफेसराने वर्गात फळ्यावर सिद्ध केलेली गोष्ट पोरांना टेबलावर घडवून दाखवायची, हे त्यांचे काम. मूळचे दर्यापूरकडच्या कुणब्याचे, घरी काळी जमीन, दोन भाऊ तिच्यावर राबत होते आणि हा एक शिकला म्हणून कोट-टोपी घालून सावलीत उभा राहत होता. सावलीची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती. वैशाखात कापसाच्या पऱ्हाटीच्या धसकटांत अनवाणी हिंडलेला माणूस सावली सुखासुखी सोडत नाही.

नोकरी मात्र कायम नव्हती. दर वर्षी उन्हाळ्यात प्रिन्सिपॉल एक चिठ्ठी देत आणि शेषराव आणखी एका वर्षापुरते डेमॉन्स्ट्रेटर होत. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा सगळा कारभार नागपुराहून चाले, युनिव्हर्सिटीही तिथलीच, आणि बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला परीक्षकही तिथूनच येत. मागल्या वर्षी आलेल्या परीक्षकाने जाता जाता शेरा मारला होता की इथली कलती फळी निकामी आहे, ठोकळा अर्ध्या वाटेत अडकतो, डेमॉन्स्ट्रेटर काय करतो कोण जाणे. प्रिन्सिपॉलांनी शेषरावांना बोलावून तो शेरा वाचून दाखवला. पुढल्या वर्षी असले काही कानावर आले तर चिठ्ठी मिळणार नाही, एवढेच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर शेषरावांना बरे वाटले असते.

आता ही फळी म्हणजे काय प्रकरण होते ते सांगितले पाहिजे, कारण पुढे जे झाले ते सगळे तिच्यावरच झाले.

सागवानी फळी, पुरुषभर उंचीहून लांब, एक टोक विटांवर चढवलेले. मधोमध एक उभी पट्टी ठोकून तिचे दोन भाग केलेले. डाव्या भागावरून पितळी तळाचा ठोकळा घसरत जायचा, उजव्या भागावरून पितळेचा भरीव रूळ घरंगळत जायचा. दोघांनाही एकाच दोरीला बांधलेल्या दोन अडण्या धरून ठेवत. दोरी ओढली की दोघे एकदम सुटत आणि खाली आडव्या लाकडावर टक्कन आदळत. ठोकळा वरच्या टोकापासून सोडायचा आणि रुळाची अडणी खालीवर सरकवत राहायचे, दोघांचे दोन ठोके मिळून एक ठोका होईपर्यंत. मग दोघांनी तोडलेली अंतरे मोजायची. घड्याळाची गरज नाही. वेळ सारखाच, म्हणून अंतरांचे जे प्रमाण तेच प्रवेगाचे प्रमाण.

एकाच रेषेपासून सोडले तर रूळ मागे पडतो. काहून पडतो, हे शेषराव दर वर्षी नव्या पोरांना मोठ्या रंगात येऊन समजावत. ठोकळ्याला फक्त खाली जायचे असते, उतारावरून मिळालेला सगळा जोर तो वेगात घालतो. रुळाला खाली जायचे असते आणि जाता जाता स्वतःभोवती फिरायचेही असते. त्या फिरण्याला आडवे येते ते त्याचे मोमेंट ऑफ इनर्शिया. जोराचा काही वाटा त्यात जातो, भरीव रुळाचा बरोबर एक तृतीयांश. म्हणून ठोकळा पूर्ण फळी उतरतो तेवढ्यात रूळ दोन तृतीयांश उतरतो. पोकळ कडे असेल तर सगळा जिन्नस कडेला, फिरायला आणखी जड, ते निम्म्यातच राहते. वजन कितीही असो, जाडी कितीही असो, हिशेब तोच. नवख्या पोरांना हे खरे वाटत नसे, चाक नेहमी घसरणाऱ्या वस्तूच्या पुढे धावते असेच सगळ्यांनी पाहिलेले. ते घर्षणामुळे, शेषराव सांगत. घसरणाऱ्याला घर्षण मागे ओढते. रुळाला मात्र घर्षण हवेच, फळीने धरल्याशिवाय रूळ फिरणार कसा?

म्हणून डावी बाजू मेण आणि शंखजिऱ्याची भुकटी घासून गुळगुळीत करायची आणि उजवी कोरडी, खरखरीत ठेवायची. ही युक्ती शेषरावांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

एवढे करूनही आकडा नेमका दोन तृतीयांश येत नसे. मेण लावले तरी ठोकळा थोडा रेंगाळतोच, त्यामुळे उत्तर जरा जास्तच येई. यावर कॉलेजात एक रिवाज होता. पोरे आधी कागदावर दोन तृतीयांश काढून ठेवत, मग फळीपाशी जाऊन दोनदा दोरी ओढत आणि काढून ठेवलेला आकडा लिहीत. याला रीडिंग बनवणे म्हणत. सगळ्यांना माहीत होते, शेषरावांना सगळ्यात जास्त. देवीदास नावाच्या एका पोराला मात्र त्यांनी एकदा सांगितले होते की आपल्याले जे दिसलं तेच लिहा लागते, विज्ञान म्हंजे तेच. चांगल्या लहरीत होते, बोलून गेले. देवीदासने ते मनावर घेतले.

देवीदास बडनेऱ्याच्या माळ्याचा. बाप नत्थुजी भाजी पिकवी आणि रेल्वेच्या क्वार्टरांत दारोदार विकी. पोरगा पहाटे बापाबरोबर वांगी तोडून, टोपल्या भरून मग गाडीने अमरावतीला येई, नखांत माती तशीच. फार हुशार होता असे म्हणवत नाही. चिकट होता. एक गोष्ट कळेपर्यंत तो टेबल सोडत नसे आणि कळली की त्याचा चेहरा असा काही उजळे की शेषरावांना आपणच ती गोष्ट शोधून काढल्यासारखे वाटे. त्याच्यासाठी अकोल्याच्या एका हायस्कुलात जागा धरून ठेवली होती. तिथल्या हेडमास्तरांनी त्याला एकदा वर्गावर उभा करून पाहिले होते आणि बी.एस्सी. पास झालास की जूनमध्ये ये, म्हणून कळवले होते. पास होणे तेवढे उरले होते. प्रॅक्टिकलमध्ये जो नापास, तो सगळ्यातच नापास, असा युनिव्हर्सिटीचा नियम होता.

त्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर शेषरावांनी फळी मनावर घेतली. तिला बाक आला होता. मधली पट्टी उपटून काढली, सुताराकडून फळीवर रंधा मारून घेतला. परीक्षेच्या दिवशी सकाळीच येऊन स्वतः मेण वितळवले. त्यांच्या डोक्यात एकच भूत होते, ठोकळा अडकता कामा नये. मेण घासले, फडक्याने चोळले, त्यावर शंखजिरे भुरभुरले, पुन्हा चोळले. मागल्या वर्षीचा शेरा कानात वाजत होता, हात थांबत नव्हता. फळी आरशासारखी झाली. खाली दोन विटा जास्तीच्या लावून उतारही वाढवला. मग पट्टी पुन्हा जागेवर ठोकली आणि ठोकळा सोडून पाहिला. लोण्यावरून जावा तसा गेला. शेषरावांचा जीव भांड्यात पडला.

पट्टी नसताना मेण लावले, तेव्हा डावी कुठली आणि उजवी कुठली, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. अख्खी फळी घासली होती. रूळ त्यांनी सोडून पाहिला नाही. रूळ अडकल्याची तक्रार कधी कुणी केली नव्हती.

परीक्षक नागपुरी, हसतमुख, कोटाच्या खिशात सोन्याच्या साखळीचे घड्याळ. बोलायला गोड. अशा माणसांची शेषरावांना जास्त भीती वाटे. सकाळच्या तुकडीत ती फळी गोवर्धन नावाच्या शहरातल्या एका मुलाच्या वाट्याला आली. त्याने रिवाजाप्रमाणे रुळाची अडणी दोन तृतीयांशावर लावली, दोरी ओढली. टक, आणि जरा थांबून टक. त्याने मान हलवली आणि दोन तृतीयांश लिहिले. तोंडी परीक्षेत सूत्र घडघडा म्हणून दाखवले. परीक्षक खूष झाले, त्याची पाठ थोपटली. शेषराव तेव्हा दुसऱ्या खोलीत भिंगे पुसत होते.

दुपारच्या तुकडीत चिठ्ठी उचलून देवीदास फळीपाशी आला.

शेषराव या वेळी खोलीतच होते. पोरांना हवे नको ते देत टेबलांमधून फिरत होते आणि त्यांचे कान सवयीने फळीकडे होते. टक. टक. पहिला ठोका भारी, दुसरा पातळ. रूळ आधी आणि ठोकळा नंतर. शेषरावांनी मान वर केली. रूळ पुढे ठेवलेला असला की तो आधी येणे शक्य होते, पोराने फार पुढे ठेवला असेल. देवीदासने अडणी वर सरकवली. पुन्हा टक, टक. पुन्हा रूळच आधी. अडणी आणखी वर. तीन चतुर्थांश, चार पंचमांश. देवीदासने कपाळ पुसले. रूळ हातात घेऊन फिरवून पाहिला, भरीव होता. वर, आणखी वर. शेवटी रूळ आणि ठोकळा एकाच रेषेवर आले, शेजारी शेजारी. त्याने दोरी ओढली.

एकच ठोका झाला. स्वच्छ, एकच.

शेषरावांच्या हातात पाण्याचा गंज होता तो त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांना कळले. मेण उजवीकडेही होते. वर उतार वाढवलेला. फळी रुळाला धरतच नव्हती, धरत नव्हती म्हणून तो पुरता फिरत नव्हता, निम्मा फिरत होता आणि बाकी ठोकळ्यासारखा नुसता घसरत होता. दोघांच्या तळाला तेच पितळ, खाली तेच मेण, मग दोघांचे घर्षण सारखे आणि येणेही बरोबरच. यात चूक काही नव्हती. फळी खरे तेच सांगत होती. फक्त जे विचारले होते ते सांगत नव्हती.

दोन पावलांवर उभे राहून ते सांगू शकले असते. परीक्षकांपाशी जाऊन, सर, माझ्या हातून उजव्या बाजूला मेण लागले, पाच मिनिटे द्या, पुसून देतो, एवढे चार शब्द. ते शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले होते, हे खोटे नाही. मग त्यांना प्रिन्सिपॉलांचा न रागावलेला चेहरा आठवला, आणि धसकटे आठवली. ते भिंतीकडे तोंड करून बाटल्यांवरची धूळ झटकू लागले.

देवीदासने दोरी किती वेळा ओढली कोण जाणे. दर वेळी एकच ठोका. त्याच्यापुढे आता दोन वाटा होत्या. दोन तृतीयांश लिहायचे आणि सुटायचे, हे बाहेर बसलेल्या गड्यालाही कळले असते. त्याने मान वर करून एकदा शेषरावांकडे पाहिले. शेषरावांची पाठ होती. त्याने दिसले ते लिहिले, एकास एक.

तोंडी परीक्षा त्याच टेबलापाशी झाली. परीक्षक बसले, शेजारी कॉलेजातले मुख्य प्रोफेसर बसले, देवीदास उभा. परीक्षकांनी कागद पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. इंग्रजीतून अगदी प्रेमाने विचारले की या रुळाचे मोमेंट ऑफ इनर्शिया तुझ्या उत्तरावरून किती निघते. देवीदासने हिशेब केला आणि हळूच म्हणाला, शून्य. परीक्षक म्हणाले, वा. म्हणजे या रुळाचे सगळे पितळ त्याच्या मधल्या रेषेत गोळा झाले आहे आणि भोवती नुसती हवा आहे. असा रूळ सबंध ब्रिटिश साम्राज्यात दुसरा नसेल, म्युझियममध्ये ठेवायला हवा.

मुख्य प्रोफेसर हसले. रांगेत बसलेली दोन-तीन पोरे हसली. परीक्षक हसता हसता शेषरावांकडे वळून पाहू लागले, तुम्हालाही गंमत कळली ना, अशा नजरेने. आणि शेषराव हसले. फार नाही, ओठांपुरते, पण देवीदासला दिसेल एवढे हसले.

परीक्षकांना आता रंग चढला होता. त्यांनी विचारले, वडील काय करतात. देवीदासने सांगितले. मग त्यांनी विचारले की तुमच्याकडे भोपळा उतारावरून सोडला तर तो गडगडतो की बसून घसरतो. पुन्हा हशा झाला. देवीदासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्याची नजर फळीवरच होती. त्याच्या डोक्यात काहीतरी हलत होते. त्याचे इंग्रजी बेताचे. तो अडखळत म्हणाला की रूळ पुरता फिरत नसावा, कदाचित घसरत असावा. खडूने रुळाच्या गोल तोंडावर एक रेघ ओढून पुन्हा एकदा सोडून पाहू द्या, रेघ किती वेळा फिरते ते दिसेल.

पोरगा नेमका तिथे पोचला होता. एक खडूची रेघ आणि एक ओढ, एवढेच अंतर उरले होते.

परीक्षकांना उठायचा कंटाळा आला असावा. खिशातून घड्याळ काढून पाहिले. नागपूरची गाडी गाठायची होती. ते शेषरावांकडे वळले आणि म्हणाले, या मुलाचे म्हणणे आहे की तुमचे साहित्य बिघडले आहे. सकाळच्या मुलाला त्याच फळीवर बरोबर उत्तर आले. तुम्ही सांगा, साहित्य ठीक आहे की नाही?

देवीदासने शेषरावांकडे पाहिले. त्या पाहण्यात संशय नव्हता, भरवसा होता. आपल्या माणसाला विचारले म्हणून त्याला धीर आलेला दिसत होता.

शेषराव म्हणाले, "ठीक आहे सर. सकाळीच मी स्वतः पाहिलं आहे."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढल्या मुलाला बोलावले.

सगळे गेल्यावर शेषरावांनी दार लावून घेतले. घासलेट आणि काचपेपर घेऊन उजवी बाजू घासली, लाकूड कोरडे लागेपर्यंत घासली. जास्तीच्या विटा काढल्या. रूळ सोडून पाहिला. तो शहाण्यासारखा घरंगळत, मागे पडत आला. त्या रात्री पत्नी दुर्गाबाईंनी त्यांना विचारले, काहून जेवून नाई राहिले, भाजीत मीठ जास्त झालं काय. ते म्हणाले, नाही, चांगली आहे. मग जेवले. मनाशी त्यांनी ठरवून टाकले की पोरगा पुढल्या वर्षी पुन्हा बसेल, आपण त्याच्याकडून चांगली तयारी करून घेऊ, एका वर्षाने काय बिघडते. माणसाला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही आणि शेषराव तर समजावून सांगण्यात पटाईतच होते.

निकाल लागला. गोवर्धन दुसऱ्या वर्गात आला. देवीदास बाकी सगळ्या विषयांत तरला आणि प्रॅक्टिकलमध्ये गेला. परीक्षकांनी या खेपेला अहवालात साहित्याविषयी समाधान व्यक्त केले होते. प्रिन्सिपॉलांनी शेषरावांना बोलावून हा शेराही वाचून दाखवला आणि तुमची जागा कायम करण्याची शिफारस केली आहे म्हणाले. शेषरावांनी घरी पेढे नेले.

आणि मग जूनच्या सुरुवातीला, कॉलेज बंदच होते, देवीदास प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात वांग्यांची टोपली. शेषराव कपाटे लावत होते. ते मनातून चरकले. आता हा विचारणार, हसलात काहून, खोटं काहून बोललात. त्यांनी उत्तरेही तयार केली.

देवीदासने टोपली खाली ठेवली आणि म्हणाला, "सर, मी भांडाले नाई आलो. फक्त एकडाव ते फळी पाहू द्या. मले त्या दिवशी जे दिसलं ते खरं का खोटं, एवढंच पाह्यतो. त्याच्याबिगर मले झोप नाई येऊन राहिली."

अकोल्याच्या हेडमास्तरांचा निरोप आला होता, तेही त्याने सांगितले. जागा त्यांनी वर्षभर धरून ठेवायचे कबूल केले होते. पुन्हा परीक्षा दे आणि ये, म्हणाले होते. बापही फी भरायला तयार होता. फक्त देवीदासलाच आधी आपल्या डोळ्यांचा निकाल हवा होता.

इथे शेषरावांना सुटायची वाट होती. साधी, रुंद वाट. आता परीक्षक नव्हते, प्रिन्सिपॉल नव्हते, नोकरीही जवळजवळ कायम झाली होती. बाबा रे, तुझं बरोबर होतं, मेण मी लावलं, एवढे म्हटले असते तर पोराने ते बाहेर जाऊन सांगितलेही नसते. पण 'जवळजवळ' हा शब्द वाईट. शिफारशीवर अजून सही व्हायची होती. शेषरावांनी फळी पुढे ओढली.

ते खडू घेऊन आले. रुळाच्या तोंडावर त्यांनी स्वतः ठळक रेघ ओढली. ठोकळा आणि रूळ एकाच रेषेवर लावले आणि दोरी देवीदासच्या हातात दिली. ओढ, म्हणाले.

देवीदासने ओढली. ठोकळा खाली आदळला तेव्हा रूळ बराच मागे होता. खडूची रेघ गरगर फिरत, एकही फेरा न चुकवता, मागाहून आली. टक, आणि टक. देवीदासने पुन्हा लावले, पुन्हा ओढले. टक, टक. मग त्याने रुळाची अडणी पुढे घेतली. दोन तृतीयांशाच्या जरा वर दोन्ही ठोके मिळाले. तो फळीवर वाकला, बोट फिरवून पाहिले. लाकूड कोरडे होते.

शेषराव म्हणाले की परीक्षेत माणूस भेदरतो, भल्याभल्यांना भलतेच दिसते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुढल्या वर्षी बस, मी तयारी करून घेईन. हे शेवटचे ते अगदी मनापासून बोलले.

देवीदासने बराच वेळ रूळ हातात धरला होता. मग तो हळूच जागेवर ठेवला. म्हणाला, "मी दहा-बारा डाव ओढली होती सर. दर डाव मले एकच ठोका आयकू आला. आता तुमी दाखवलं तं दोन होयेत." फळीकडे पाहत म्हणाला, "मंग मायेच डोये अन् कान खोटे. ज्याले समोरचं दिसत नाई त्यानं पोराइले काय शिकवा? तुमी नसते तं मी जलमभर फळीलेच दोष देत रायलो असतो."

आणि तो वाकून शेषरावांच्या पाया पडला.

शेषरावांचे तोंड उघडले होते. काहीतरी बोलायला उघडले होते, हे नक्की. पण देवीदास पाया पडून उठला तो सरळ दाराबाहेर गेला आणि शेषराव फळीला धरून उभे राहिले. वांगी त्यांनी घरी नेली. ताजी होती.

सही झाली. शेषराव कायम झाले. देवीदास परीक्षेला बसला नाही. अकोल्याची जागा वर्षभराने दुसऱ्या कुणाला गेली, ती गोवर्धनला गेली असे ऐकिवात आहे. नत्थुजी थकल्यावर भाजीचा धंदा देवीदासने घेतला आणि इतवाऱ्याच्या बाजारात बसू लागला. शेषराव त्या बाजूने जाणे टाळत. दुर्गाबाईंना यातले काही माहीत नव्हते, त्या चांगल्या भाजीसाठी कुठेही जात. एका सकाळी त्या शेषरावांना पिशवी धरायला म्हणून घेऊन गेल्या आणि नेमक्या त्याच्याच पुढ्यात जाऊन बसल्या.

देवीदासने शेषरावांना ओळखले, उठून नमस्कार केला, बसायला पोते पुढे केले. अंगाने भरला होता, बोलणे मवाळ झाले होते. दुर्गाबाईंनी कारली मागितली. त्याने तराजूत घातली, दांडी उचलली, काटा मधोमध उभा राहिला. स्पष्ट उभा होता, शेषरावांना दोन हातांवरून दिसत होता. तरी देवीदासने दांडी दुर्गाबाईंच्या तोंडासमोर नेली आणि तशीच धरून ठेवली.

"तुमीच पाहून सांगा बाई, बरोबर हाय का," तो म्हणाला. "मायावर नका जाऊ. मले बरोबर दिसत नाई."

दुर्गाबाई हसल्या. एवढ्या तरण्या माणसाला दिसत नाही म्हणजे काय, चष्मा लावून घे, म्हणाल्या. देवीदास म्हणाला की नजर चांगली आहे, डॉक्टरनेही पाहिली, पण सवय आहे, प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारतोच. आणि दांडी धरलेला हात तसाच ठेवून तो थांबून राहिला, दुर्गाबाई हो म्हणेपर्यंत.

शेषरावांनी पिशवी उघडून धरली आणि कारली आत घेतली.